व्हिडिओवर डॉक्टरांची अपॉइंटमेंट : आधी रिपोर्टांचं फोल्डर, मग बुकिंग

ॲपवर डॉक्टर शोधून वेळ घेणं दोन-तीन मिनिटांत होतं. अडतं ते पुढे. कॉल सुरू होतो, डॉक्टर विचारतात, "मागचा क्रिएटिनिन किती होता?" आणि घरातले सगळे व्हॉट्सॲप चाळायला लागतात. दहा मिनिटांच्या वेळेतली चार तिथेच जातात. म्हणून काम उलट्या क्रमाने करावं असं मला वाटतं. आधी फोल्डर तयार करायचं, मग वेळ घ्यायची.

एक उदाहरण धरून चालू. आई गोव्यात वाळपईला राहते, वय 67, मधुमेह आणि रक्तदाब. मुलगा पर्वरीला असतो. फोंड्याच्या डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी तिला प्रत्यक्ष तपासलं होतं आणि आता नव्या रिपोर्टांसह दाखवायला सांगितलंय. असं ठरलेलं पुनर्तपासणीचं काम व्हिडिओवर छान होतं. टेलिमेडिसिनच्या 2020 च्या नियमांप्रमाणे प्रत्यक्ष तपासणीनंतर सहा महिन्यांच्या आत त्याच आजारासाठी घेतलेला सल्ला फॉलो-अप धरतात आणि चालू औषध पुढे लिहून देणं डॉक्टरांना सोपं जातं. उलट पायाला न भरणारी जखम असेल, नवीन गाठ लागत असेल, तर व्हिडिओचा आग्रह नको. डॉक्टरांना हात लावून बघावं लागतं.

फोल्डर

गूगल ड्राइव्हमध्ये आईच्या नावाचं एकच फोल्डर करा. वर्षाची, आजाराची, लॅबची वेगळी उपफोल्डरं नकोत. महिन्याभराने कुठलं कुठे ठेवलं हे कुणालाच आठवत नाही. सगळी शिस्त फाइलच्या नावात ठेवा आणि तारीख पहिली लिहा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. असं केलं की फाइली नावाच्या क्रमाने लावल्यावर आपोआप तारखेप्रमाणे लागतात.

```
2025-03-10_Aai_HbA1c_Creatinine.pdf
2025-04-05_Aai_Prescription.pdf
2025-06-12_Aai_HbA1c_Creatinine.pdf
```

तारीख कोणती घालायची? लॅबच्या कागदावर बहुधा दोन असतात, Collected आणि Reported. पहिली घ्या. रक्त कधी काढलं हे डॉक्टरांना हवं असतं, कागद कधी छापला ते नव्हे. एचबीए1सी साधारण मागच्या तीन महिन्यांची साखर सांगते, त्यामुळे रक्त गोळी वाढवण्याआधी काढलं की नंतर, यावर आकड्याचा अर्थ बदलतो.

कागदाचा नुसता फोटो काढू नका. ड्राइव्हच्या ॲपमध्ये कॅमेऱ्याने स्कॅन करायची सोय आहे, ती वापरा. आयफोनवर नोट्समध्येही ती असते. सगळी पानं एका पीडीएफमध्ये घ्या. चारही कडा दिसल्या पाहिजेत, कारण वर रुग्णाचं नाव असतं आणि आकड्याशेजारी त्या लॅबची सामान्य मर्यादा. प्रत्येक लॅबची मर्यादा थोडी वेगळी असते, म्हणून नुसता आकडा कापून पाठवला तर अर्धी माहिती जाते. व्हॉट्सॲपवर आलेला रिपोर्ट त्याच दिवशी फोल्डरात हलवा. फोन बदलला की जुनी फाइल उघडेलच असं नाही. लॅबची पीडीएफ पासवर्डने बंद असेल, तर ती उघडून प्रिंटच्या पर्यायातून पीडीएफ म्हणून पुन्हा जतन करा. नाहीतर डॉक्टरांकडे ती उघडणार नाही.

एक्स-रेच्या फिल्मचा खिडकीसमोर धरून काढलेला फोटो फारसा कामाचा नसतो. रेडिओलॉजिस्टने लिहिलेला कागद स्कॅन करा आणि फिल्म घरी जपून ठेवा.

बुकिंग

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे मुलाच्या खात्यावरून, मुलाच्याच नावाने वेळ घेणं. प्रिस्क्रिप्शन मग त्याच्या नावावर, त्याच्या वयाने येतं, फार्मसीत विचारणा होते आणि आईच्या नोंदीत काहीच राहत नाही. ॲपमध्ये कुटुंबातल्या सदस्याची प्रोफाइल जोडायची सोय असते. तिथे आईचं नाव आधार कार्डावर आहे तसंच, जन्मवर्षासकट भरा. बुकिंगच्या पडद्यावर रुग्ण म्हणून तिचं नाव निवडलंय ना, हे पैसे भरण्याआधी बघा.

नंतर "व्हिडिओ" निवडा, कारण क्लिनिकची वेळ आणि व्हिडिओची वेळ शेजारी-शेजारीच दिसतात. पैसे कापले गेले पण खात्रीचा मेसेज आला नाही, तर लगेच पुन्हा भरू नका. आधी ॲपमधल्या तुमच्या बुकिंगच्या यादीत बघा.

सरकारी ई-संजीवनी ही ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याची सेवा मोफत आहे. मोबाइल नंबर आणि ओटीपीने आत जाऊन राज्य आणि ओपीडी निवडायची, टोकन घ्यायचं आणि रांगेत थांबायचं. तिथे दर वेळी तोच डॉक्टर मिळेल असं धरू नका. नव्या डॉक्टरला आईचा इतिहास ठाऊक नसतो, तेव्हा फोल्डर आणखीच उपयोगी पडतं.

कॉलच्या आधी आणि कॉलमध्ये

रिपोर्ट अपॉइंटमेंटलाच जोडा. प्रोफाइलमध्ये नुसते टाकून ठेवले तर ते डॉक्टरांपर्यंत पोचतीलच असं नाही. वीस फाइली देऊ नका. आमच्या उदाहरणात तीनच पुरेत : मार्चचा रिपोर्ट, जूनचा रिपोर्ट आणि मागचं प्रिस्क्रिप्शन. सोबत एक छोटी नोंद :

"मार्चमध्ये एचबीए1सी 8.4, जूनमध्ये 7.6. क्रिएटिनिन 1.0 वरून 1.3. मेटफॉर्मिन 500, दिवसातून दोनदा. सकाळचं बीपी साधारण 140/85."

साखर सुधारलेली बघून घरचे खूश होतील, पण डॉक्टर आधी क्रिएटिनिनकडे बघतील. क्रिएटिनिन वाढणं ही मूत्रपिंडाचं काम मंदावल्याची खूण असू शकते, आणि तसं असेल तर मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीचा डोस त्यांना फेरतपासावा लागतो. दोन तारखांचे आकडे समोर असले तरच ही चढण दिसते.

आईने स्वतः फोनसमोर बसावं. ती शुद्धीवर, जाणती असताना तिच्या गैरहजेरीत मुलाने सल्ला घ्यायचा, तर नियमाप्रमाणे तिचं अधिकारपत्र किंवा नात्याचा पडताळलेला कागद लागतो, नाहीतर आधीच्या प्रत्यक्ष भेटीत तिने दिलेली संमती. शिवाय सुजलेले पाय डॉक्टरांना कॅमेऱ्यात दाखवता येतात. गोळ्यांची पाकिटं जवळ ठेवा. पावसाळ्यात वाळपईच्या सत्तरी तालुक्यात वीज जाते, वाय-फायही त्याबरोबर जातं, म्हणून फोन आधीच चार्ज करा आणि रेंज कुठे मिळते ते बघून ठेवा. घराच्या आतल्या खोलीपेक्षा बहुधा दारापुढचा बाल्काव बरा. कॅमेरा आणि मायक्रोफोनची परवानगीही आधीच द्या.

कॉल संपला की प्रिस्क्रिप्शन लगेच उतरवून घ्या. त्यावर आईचं नाव, तारीख, डोस आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे का पाहा. काही चुकलं असेल तर त्याच दिवशी ॲपमधून कळवा. मग नव्या तारखेने ते फोल्डरात टाका आणि बहिणीला त्या फोल्डरची फक्त बघण्याची परवानगी द्या. लिंक असलेल्या कुणालाही उघडता येईल असा पर्याय चालू ठेवू नका.

आणि छातीत दुखणं, एका बाजूला लुळेपणा, बोलणं अडखळणं किंवा दम लागणं असेल, तर ॲप उघडायचंच नाही. 108 लावा. फोल्डर फोनमध्ये असतंच, म्हापशाच्या आजिलो इस्पितळात किंवा बांबोळीच्या गोमेकॉत पोचल्यावर तिथल्या डॉक्टरांना दाखवता येईल.