या चुका टाळा: डॅशबोर्ड हिरवागार आणि तिकीट अडकलेलं

गोष्ट रचलेली आहे, चूक मात्र रोजची. छत्रपती संभाजीनगरची एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी लातूरच्या एका आडत्यासाठी ॲप बनवत होती. सोयाबीनचं माप झालं की वजन, भाव आणि हाती येणारी रक्कम शेतकऱ्याला एसएमएसने कळवायची. आवक वाढायच्या आत, दसऱ्याआधी ॲप सुरू करायचं ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी प्रोजेक्ट मॅनेजर संदीपच्या डॅशबोर्डवर, म्हणजे जिरा या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ४१ पैकी ४१ तिकिटं पूर्ण होती. त्याने स्क्रीनशॉट काढून मालकांना पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आडत्याचा फोन. "संदीपभाऊ, तुमचं ॲप म्हणतंय मेसेज गेला. इथं एकाच्याबी मोबाइलवर आला नाही बगा. पट्ट्या हातानंच लिहायलोत."

कोडमध्ये बिघाड नव्हता. भारतात व्यावसायिक एसएमएस पाठवायचा तर आधी टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी यंत्रणेत नोंदणी लागते. पाठवणाऱ्या व्यवसायाची नोंद, मग त्याचं हेडर म्हणजे मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव, मग मेसेजचा मजकूर टेम्प्लेट म्हणून मंजूर करून घ्यावा लागतो. मंजूर टेम्प्लेटशी न जुळणारा मेसेज टेलिकॉम कंपनीच अडवते. ॲपला मात्र एसएमएस पुढे पाठवणाऱ्या गेटवेने विनंती घेतली एवढंच कळत होतं, आणि तेवढ्यावर ते "पाठवला" दाखवत होतं. टेस्टिंगमध्येही हे पकडलं गेलं नाही, कारण तिथे गेटवेच खोटा होता. काहीही दिलं तरी तो "ओके" म्हणायचा.

डीएलटीचं तिकीट काढलेलं होतं बरं का. नोंदणीची कागदपत्रं आडत्याकडून यायची होती, म्हणून कुणीतरी त्याची स्थिती Blocked केली आणि खाली दोन शब्द लिहिले: "क्लायंटकडे पेंडिंग". स्प्रिंट म्हणजे कामाचा ठरावीक टप्पा संपत आला तरी ते अर्धवट राहिलं, तेव्हा रिपोर्ट खराब दिसू नये म्हणून संदीपनेच ते बॅकलॉगमध्ये, नंतर करायच्या कामांच्या यादीत टाकलं. डॅशबोर्डमागचा फिल्टर असा होता:

```
project = ADAT AND sprint in openSprints()
```

खरी गोम इथे आहे. तिकीट स्प्रिंटबाहेर गेलं की वरचा आकडा तसाच राहतो, खालचा कमी होतो. ४२ पैकी ४१ चे ४१ पैकी ४१ झाले. काम न करता टक्केवारी शंभर झाली, आणि शंभर टक्के दिसल्यावर बॅकलॉग उघडून बघायला कोण जातं? माझ्या मते स्प्रिंटच्या टक्केवारीवरून रिलीजचा निर्णय घेणं हीच यातली मोठी चूक; तिकीट विसरणं त्यामानाने माणसासारखं आहे. रिलीजसाठी वेगळा हिशेब हवा. त्या रिलीजच्या प्रत्येक तिकिटाला fixVersion, म्हणजे ते कोणत्या रिलीजचं आहे ही खूण लावायची आणि मोजणी त्यावर करायची. मग तिकीट स्प्रिंटमध्ये असो वा बॅकलॉगमध्ये, ते मोजणीतून सुटत नाही.

दुसरं, अडकलेल्या तिकिटांचा वेगळा फिल्टर स्प्रिंटची अट न घालता ठेवा:

```
project = ADAT AND status = Blocked
AND NOT status changed after -7d
```

म्हणजे आठवडाभर स्थिती न बदललेली अडकलेली तिकिटं. पुष्कळ जण इथे updated <= -7d वापरतात आणि फसतात. कुणी सगळ्या तिकिटांना एकदम लेबल लावलं, किंवा "काय झालं?" एवढी कॉमेंट टाकली, तरी updated ताजं होतं आणि तिकीट यादीतून निसटतं. शिवाय काही टीम स्थिती बदलतच नाहीत, बोर्डवर नुसता झेंडा लावतात. तिकीट In Progress मध्येच राहतं. अशा ठिकाणी Flagged = Impediment ही अट वेगळी शोधावी लागते.

आणि "क्लायंटकडे पेंडिंग" हे कारण धरू नका. संदीपच्या तिकिटात तीन गोष्टी लागत होत्या: आडत्याकडचा कोणता माणूस, त्याच्याकडून नेमकी कोणती कागदपत्रं आणि पुढचा फोन कोणत्या तारखेला. आडत्याला तर वाटत होतं की नोंदणी कंपनीच करतेय. पॅन कार्ड मागायला एक फोन पुरला असता. तो करायचा कुणी, हे तिकिटात लिहिलेलं नव्हतं.

त्या दुपारी संदीपने एसएमएस बंद करून ॲपमधूनच पट्टी छापायची सोय सुरू केली, कारण मंजुरी काही तासाभरात मिळणारी नव्हती. टेम्प्लेटचा मराठी मजकूरही त्याने आखडून घेतला: देवनागरीत एका एसएमएसमध्ये काना-मात्रा वेगळ्या मोजून ७० अक्षरंच मावतात, त्यापुढे एकाचे दोन मेसेज धरले जातात. "पाठवला" ही खूणही आता गेटवेच्या उत्तरावर न लावता डिलिव्हरी रिपोर्ट आल्यावरच लागते. आडत्याने संध्याकाळी पॅन कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, आणि तिकीट बॅकलॉगमधून बाहेर आलं.