भांडवलावर २५ टक्के हवेत म्हणून खर्चावर २५ टक्के चढवू नका: भाव काढताना या चुका टाळा

धंद्यात घातलेल्या पैशावर वर्षाला २५ टक्के सुटले पाहिजेत असं ठरवायचं आणि मालाच्या कॉस्टवर सरळ २५ टक्के चढवून भाव लावायचा, ही मुंबईतल्या छोट्या कारखान्यांत मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. वर्षभराचा खर्च आणि धंद्यात गुंतलेलं भांडवल हे दोन वेगळे आकडे आहेत. ते योगायोगाने सारखे निघाले तरच हा हिशेब जमतो.

भांडुपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या भाड्याच्या गाळ्यात मालवणी मसाला बनतोय असं समजू. वर्षाला २४,००० किलो माल जातो. मिरची, धणे, इतर गरम मसाला आणि पॅकिंग मिळून किलोला २८० रुपये, म्हणजे वर्षाला ६७.२ लाख. गाळ्याचं भाडं, कामगारांचे पगार, वीज, टेम्पो, मशिनचा घसारा आणि मालकाचा स्वतःचा महिना ४०,००० पगार मिळून २८.८ लाख. एकूण खर्च ९६ लाख, म्हणजे किलोला बरोबर ४०० रुपये.

आता पैसा कुठे अडकलाय ते बघू. मशिन १२ लाख, गाळ्याचं डिपॉझिट ३ लाख, मिरची-मसाल्याचा सरासरी साठा २० लाख, हाताशी रोख १ लाख. मिरचीवाल्याची आणि पॅकिंगवाल्याची मिळून सरासरी ४ लाखांची देणी असतात, तो त्यांचा पैसा आपल्या धंद्यात फिरतो म्हणून वजा. राहिले ३२ लाख. शिवाय दुकानदार ४५ दिवसांनी पैसे देतात, म्हणजे वर्षाच्या विक्रीचा साधारण आठवा भाग कायम उधारीत. भाव वाढला की ही उधारीही वाढते, म्हणून ती ३२ लाखांत धरलेली नाही.

४०० वर २५ टक्के चढवून ५०० रुपये भाव लावला, तर कागदावर विक्री १२० लाख आणि नफा २४ लाख. भांडवल ३२ अधिक उधारी १५, म्हणजे ४७ लाख. परतावा ५१ टक्के! ऐकायला छान वाटतं, पण हवे होते २५. बाकीचा बोजा गिऱ्हाइकावर पडला आणि शेजारच्या ब्रँडपेक्षा आपलं पाकीट उगाच महाग झालं. उलटही होतं: ज्या धंद्यात वर्षाच्या खर्चापेक्षा भांडवल जास्त अडकतं, तिथे कॉस्टवरचे २५ टक्के कमी पडतात आणि मालकाला ते वर्षानुवर्षं कळत नाही.

चढवायचा टक्का असा निघतो: हवा असलेला परतावा गुणिले भांडवल, भागिले वर्षाचा खर्च. अडचण एवढीच की भांडवलातली उधारी भावावर अवलंबून आहे आणि भाव अजून ठरायचाय. म्हणून काहीजण मागच्या वर्षीचीच उधारी धरतात. तसं करू नका. उधारीचा हिस्सा खाली घेतला की उत्तर एका फटक्यात मिळतं:

```
विक्री = (खर्च + परतावा × बाकी भांडवल) ÷ (१ − परतावा × उधारीचा हिस्सा)
       = (९६ + ०.२५ × ३२) ÷ (१ − ०.२५ × ०.१२५)
       = १०४ ÷ ०.९६८७५
       = १०७.३५ लाख
```

२४,००० ने भागलं की किलोला ४४७.३० रुपये. म्हणजे कॉस्टवर चढवायचे फक्त ११.८ टक्के. ताळा करून बघा: नफा ११.३५ लाख, उधारी १३.४२ लाख, एकूण भांडवल ४५.४२ लाख, त्याचे २५ टक्के ११.३५ लाख. जुळलं. हा ताळा प्रत्येक वेळी कराच, कारण पुढच्या सगळ्या चुका सूत्रात नसून त्यात घातलेल्या आकड्यांत असतात.

पहिला आकडा साठ्याचा. बहुतेकजण ३१ मार्चच्या ताळेबंदातून उचलतात. बेडगी आणि संकेश्वरी मिरचीची खरेदी उन्हाळ्याच्या तोंडाशी होते, त्यामुळे ३१ मार्चला गाळ्यात पोत्यांची थप्पी छताला टेकलेली असते. त्या दिवशी साठा ३८ लाखांचा दिसत असेल आणि दिवाळीनंतर तो दहा लाखांवर उतरत असेल. ३८ धरले तर भाव किलोमागे १९ रुपयांनी फुगतो. खरेदी एप्रिलमध्ये करणाऱ्याचं उलटं होतं, ३१ मार्चला गाळा रिकामा आणि भाव कमी निघतो. बाराही महिन्यांच्या शेवटच्या दिवसाचा साठा लिहून त्याची सरासरी घ्या. मिरचीच्या धंद्यात दुसरा कुठलाही आकडा मी मानत नाही.

दुसरा आकडा मशिनचा. कांडप मशिन, भाजणी यंत्र आणि पॅकिंग मशिन जुनी झाली की वहीत ३ लाखच उरतात, पण आज तीच घ्यायला १२ लाख लागतील. वहीतला आकडा घेतला तर भाव किलोला ९-१० रुपयांनी कमी बसतो आणि मशिन बदलायची वेळ आली की गल्ल्यात पैसे नसतात. घसाराही त्याच १२ लाखांवर धरा. मी वर आठ वर्षांच्या आयुष्याने दीड लाख धरलाय.

गाळा स्वतःचा असेल तर मुंबईत सगळा हिशेब कोलमडतो. एक कोटीचा गाळा भांडवलात धरून त्यावर २५ टक्के मागितले, तर मसाल्याला वर्षाला २५ लाख कमवून द्यावे लागतील. कुठलाही मसाला ते देणार नाही. गाळ्याची किंमत वाढते ती जागेमुळे, मसाल्यामुळे नाही. त्या इस्टेटमधलं चालू भाडं खर्चात टाका आणि गाळा भांडवलातून काढा. दोन्हीकडे मात्र धरू नका.

हीच दुहेरी मोजणी बँकेच्या व्याजात होते. कॅश क्रेडिटचं वर्षाचं दोन लाख व्याज खर्चात टाकलं आणि वर पूर्ण भांडवलावर २५ टक्केही मागितले, तर त्या पैशाची किंमत गिऱ्हाइकाकडून दोनदा वसूल होते. इथे किलोमागे साडेआठ रुपये जास्त लागतील. गुंतलेल्या भांडवलावरचा परतावा व्याजाच्या आणि आयकराच्या आधीचा असतो, त्यात बँकेचा पैसाही येतो. व्याज त्या २५ टक्क्यांतूनच भरायचं. मालकाचा पगार मात्र खर्चातच हवा. नाहीतर दहा-बारा तासांची मेहनतच परतावा म्हणून मोजली जाते.

आता विक्रीचं प्रमाण. मशिनची क्षमता ३०,००० किलो आहे म्हणून खर्च ३०,००० ने भागणं ही तर मोठीच चूक, पण आशेवर धरलेले २४,००० सुद्धा महागात पडतात. भाव ४४७.३० ठेवला आणि माल २०,००० किलोच गेला तर काय होतं? विक्री ८९.४६ लाख. कच्चा माल ५६ लाखांवर उतरतो, पण भाडं-पगाराचे २८.८ लाख तसेच राहतात. नफा उरतो ४.६६ लाख. साठा तेवढाच धरला तर परतावा जेमतेम ११ टक्के. विक्री सहाव्या हिश्श्याने घटली आणि परतावा निम्म्याच्याही खाली गेला. अशा वेळी २०,००० वर सूत्र पुन्हा चालवलं तर ते ४७९ रुपये सांगतं. माल आधीच कमी उठतोय आणि आपण किलोला ३२ रुपये वाढवणार, मग पुढच्या वर्षी १८,००० वर हिशेब करायची पाळी येईल. म्हणून एका चांगल्या किंवा वाईट वर्षाचं प्रमाण घेऊ नका, मागच्या तीनेक वर्षांची सर्वसाधारण विक्री धरा. ती खरंच कायमची घसरली असेल, तर इलाज भाडं-पगाराच्या बाजूला शोधायचा, भावात नाही.

शेवटची चूक एमआरपी छापताना होते, आणि ती सगळ्यात कमी लोकांच्या लक्षात येते. ४४७.३० हा दुकानदाराला द्यायचा जीएसटीविना भाव आहे. २०० ग्रॅमच्या पाकिटाला तो ८९.४६ येतो. दुकानदार एमआरपीवर २० टक्के मागतो आणि मसाल्यावर ५ टक्के जीएसटी आहे. ८९.४६ ला ०.८ ने भागा आणि ५ टक्के वाढवा: ११७.४० रुपये. पाकिटावर ११७ कोणी छापत नाही, मग दोन रुपये सोडून ११५ छापतात. त्या ११५ मधून उलटा हिशेब केला तर आपल्या हातात किलोला ४३८.१० येतात, नफा ९.१४ लाख, भांडवल ४५.१४ लाख, परतावा २० टक्के. पाकिटामागच्या अडीच रुपयांनी पाच टक्के परतावा गेला. १२० छापले तर तोच ३० होतो.

बाजार १२० देत नसेल तर ११५ वरही २५ टक्के मिळू शकतात, पण मग भांडवलाला हात घालावा लागतो. ९.१४ लाख नफा ३६.६ लाखांवर यायला हवा, म्हणजे ८.६ लाख मोकळे करायचे. उधारी ४५ वरून ३० दिवसांवर आणली की ४.४ लाख सुटतात. ठरलेली मुदत आणि खरी मुदत यांत फरक असतो, म्हणून बिलाची तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख शेजारी-शेजारी लिहून खरे दिवस काढा. ४५ चे ५५ झालेले दुकानदार त्या यादीत लगेच सापडतात.

उरलेले ४.२ लाख साठ्यातून, म्हणजे सरासरी साठा १५.८ लाखांवर. थोडी मिरची हंगामात आणि थोडी नंतर घ्यावी लागेल, आणि नंतरची महाग मिळते. किती महाग परवडेल? ४.२ लाखांचे २५ टक्के १.०५ लाख, २४,००० किलोवर वाटले तर ४.४० रुपये. बिगरहंगामी खरेदीमुळे मसाल्याची कॉस्ट किलोला याहून जास्त वाढत असेल तर हंगामातच पोती भरा आणि उधारीवर अजून जोर लावा.