मटण, चिकन, मासे आणि सॉसेज: एलडीएल वाढले असेल तर रस्सा कसा करावा आणि किती वेळा खावा

रक्ततपासणीत एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढलेले दिसले की सोलापूरच्या घरात पहिला निर्णय होतो तो मटण बंद करून चिकन सुरू करण्याचा. हा निर्णय पूर्ण चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे, कारण एलडीएल वाढवते ती प्रामुख्याने संपृक्त चरबी, आणि आपल्या रश्श्यात ती केवळ मांसातून येत नाही. ही चरबी जास्त गेली की यकृताच्या पेशींवरील एलडीएल टिपून घेणाऱ्या जागा कमी होतात आणि ते रक्तात साचत राहते. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संपृक्त चरबीचे प्रमाण सारखे ठेवून लोकांना काही आठवडे लाल मांस आणि काही आठवडे कोंबडीचे मांस दिले, तेव्हा दोन्हींनी एलडीएल जवळजवळ सारखेच ठेवले. डाळी, कडधान्ये अशा वनस्पतिजन्य प्रथिनांवर मात्र ते दोन्हींपेक्षा कमी राहिले. म्हणून प्राणी बदलण्याआधी पातेले तपासावे.

पायरी १: आपल्या रश्श्याचा हिशेब मांडावा

पाच माणसांचे घर आणि रविवारचे एक किलो बोकडाचे मटण घेऊ. हाडे वजा जाता उरलेल्या मांसात, ते चरबी काढलेले असेल तर, साधारण १० ग्रॅम संपृक्त चरबी असते. चव यावी म्हणून खाटकाकडून मागून घेतलेली १०० ग्रॅम चरबी आणखी सुमारे ३५ ग्रॅम घालते. वाटणातले १०० ग्रॅम सुके खोबरे तर एकटेच ५७ ग्रॅमच्या आसपास देते, कारण खोबऱ्यातील बहुतेक सर्व तेल संपृक्त असते. फोडणीच्या १०० मिलिलिटर करडईच्या तेलातून जेमतेम ७ ग्रॅम येते. एकूण १०९ ग्रॅम, म्हणजे ताटामागे जवळपास २२ ग्रॅम. ज्यांना एलडीएल उतरवायचे आहे त्यांनी २००० कॅलरींच्या आहारात दिवसभरात सुमारे १३ ग्रॅमच्या आत राहावे, असा अमेरिकन हार्ट असोसिएशनचा सल्ला आहे.

आता याच वाटणात आणि याच तेलात सोललेले चिकन घालून पाहावे. वेगळी चरबी नसल्यामुळे ताटामागचा आकडा १५ पर्यंत येतो, तरीही तो दिवसाच्या मर्यादेबाहेरच राहतो. मटण सोडले, चिकनवर आलो, तरी आकडा हलत नाही, अशी तक्रार ऐकू येते तिचे एक कारण या खोबऱ्यात असते.

पायरी २: वाटण बदलावे

सोलापूरकरांना येथे बाहेरून काही आणावे लागत नाही. १०० ग्रॅम खोबऱ्याऐवजी २५ ग्रॅम खोबरे आणि ५० ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट घ्यावे. शेंगदाण्यातही तेल भरपूर असते, पण त्यातला संपृक्त भाग लहान असतो. खोबरे खरपूस भाजले की थोड्यातही वाटणाला रंग आणि वास चांगला येतो, आणि दाटपणा कूट देते. वेगळी चरबी घेऊ नये आणि तेल अर्धे करावे. हाच हिशेब पुन्हा मांडला तर मटणाच्या ताटामागे ६ ते ७ ग्रॅम पडतात, म्हणजे जुन्या पद्धतीच्या चिकन रश्श्याच्या निम्म्याहून कमी. काळ्या रश्श्याची चव थोडी बदलते, हे मान्य करायला हवे.

खात्री करायची असेल तर रस्सा आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवावा. सकाळी वर जो पांढरट, कडक थर दिसतो तो बव्हंशी मांसाची चरबी आणि खोबऱ्याचे तेल असते, तर करडईचे तेल पातळच राहते. थर चमच्याने उचलून टाकावा. गरम रश्श्यावरची तर्री पाहून हा फरक ओळखता येत नाही, कारण उकळत्या पातेल्यात सर्वच तेले सारखी दिसतात.

पायरी ३: खरेदी करताना

बोकडाचे मटण मेंढीच्या मटणापेक्षा सहसा कमी चरबीचे असते. खिमा घ्यायचा असेल तर तयार ढिगातून न घेता चरबी काढलेला तुकडा निवडून समोर करून घ्यावा, कारण खिम्यात चरबी डोळ्यांना दिसत नाही. कोंबडीची कातडी काढून घ्यावी, कारण तिची बरीचशी चरबी कातडीत आणि तिच्या लगत असते. भेज्यामध्ये कोलेस्टेरॉल अतिशय जास्त असते, म्हणून तो टाळलेलाच बरा.

उजनीची चिलापी, मरळ किंवा रोहू कमी चरबीचे असल्यामुळे मटणाच्या जागी उत्तम बसतात. मात्र माशाने एलडीएल आपोआप उतरते, हा समज चुकीचा आहे. बांगडा, तारली यांसारख्या समुद्राच्या तेलकट माशांतील ओमेगा-३ रक्तातील ट्रायग्लिसराइड्स ही चरबी कमी करते, पण एलडीएलवर त्याचा उतार दिसत नाही, कधी किंचित चढही दिसतो. फायदा होतो तो मासा चरबीदार मटणाची जागा घेतो म्हणून, आणि तोही वारंवार वापरलेल्या तेलात तळला नाही तरच. सुके बोंबील चरबीने हलके असले तरी मीठ बेताचे नसते, त्यामुळे रक्तदाब असणाऱ्यांनी ते जपूनच खावेत.

सॉसेज, सलामी, नगेट्स यांच्या बाबतीत पातेले आपल्या हातात नसते. पाकिटावरील संपृक्त चरबीचा आकडा १०० ग्रॅमला किती आहे ते पाहावे. ५ ग्रॅमच्या वर असेल तर ठेवून द्यावे. ‘चिकन’ असे लिहिलेले असणे हा पुरावा नव्हे. याखेरीज जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस मोठ्या आतड्याच्या कर्करोगास कारणीभूत ठरवले, त्यामुळे आकडा कमी असला तरी त्याला आठवड्याच्या जेवणात जागा देऊ नये.

पायरी ४: किती वेळा

एलडीएल वाढलेले असल्यास वरील पद्धतीचे मटण आठवड्यातून एकदा, शिजलेले १०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चार-पाच मध्यम फोडी. कातडीविना चिकन दोनदा आणि मासे दोनदा घेता येतील. सॉसेज-सलामी महिन्यातून एखाद्या वेळी, आणि न घेतल्यास उत्तमच. उरलेल्या दिवशी मटकी, हुलगे, डाळ यांना ताटातली मुख्य जागा द्यावी, कारण एलडीएलवर खरा फरक त्या अदलाबदलीत आहे.

पायरी ५: फरक मोजावा

ताटामागे २२ वरून ६ ग्रॅमवर आलो, पण मटण आठवड्यातून एकदाच होत असेल, तर रोजची घट सव्वादोन ग्रॅम होते आणि एलडीएल साधारण २ अंकांनीच उतरते. हेच जेवण आठवड्यातून चार वेळा होत असेल तर ८ अंकांपर्यंत फरक अपेक्षित आहे. आठवड्याला एकच मटण खाणाऱ्याचे एलडीएल १६० असेल, तर त्याने मटणाला दोष देण्याआधी रोजची साय, तूप आणि बेकरीची खारी पाहावी.

बदलानंतर ८ ते १२ आठवड्यांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत तपासणी करावी. आखाडाच्या शेवटच्या दिवसांत एकदा आणि श्रावण संपताना दुसऱ्यांदा तपासून दोन्ही आकडे घरच्या नेहमीच्या जेवणाचे मानू नयेत, कारण पहिला चढा आणि दुसरा उतरलेला येण्याची शक्यता असते. पाच-दहा अंकांचा चढउतार काहीही न बदलताही होतो. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर असतील तर गणिताने काढलेले एलडीएल विश्वसनीय नसते, तेव्हा थेट मोजणी मागावी. एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असल्यास कारण आनुवंशिक असू शकते, आणि हृदयविकार झालेला असल्यास किंवा असा आकडा आल्यास डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी वाटण बदलले म्हणून थांबवू नये.