डिशवॉशरमध्ये बाळाच्या बाटल्या: या चुका टाळा

लेक चार महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. बाटल्या रोज डिशवॉशरमधून निघायच्या, काच कशी चकचकीत दिसायची, पण झाकण उघडलं की आंबूस वास. आधी पावडरीवर संशय घेतला, मग पाण्यावर. शेवटी झाकणातली पोटातला गॅस टाळणारी सिलिकॉनची चकती नखाने उचलली, तर खाली दुधाचा पांढरा, बुळबुळीत थर! मशीन बिचारं धूत होतं, पण मी चकती कधी सुटीच केली नव्हती. बाटली, रिंग, निपल, चकती, टोपण असं सगळं वेगळं झालं नाही, तर कितीही गरम पाणी फवारलं तरी ते दोन भागांच्या मधे शिरत नाही.

दुसरी चूक जरा आपल्या घरांतली. मशीन रात्रीच लावायचं, तोवर सकाळच्या दुधाची बाटली तशीच आत पडून. वाळलेलं दूध घट्ट चिकटतं आणि ओलसर उबेत जंतू तासातासाला वाढतात. दूध पाजून झालं की लगेच बाटली वाहत्या पाण्याखाली विसळा, मग मशीन कधीही लावा.

आता मुख्य मुद्दा, प्रोग्रॅमचा. बहुतेक जण इको लावतात, कारण वीज-पाणी वाचतं. पण इकोचं पाणी साधारण ५० अंशांच्या आसपासच राहतं. त्यात बाटली स्वच्छ होईल, जंतू मारायला मात्र एवढी उष्णता पुरत नाही. क्विक वॉशचंही तेच. बाटल्यांसाठी ६५-७० अंशांचा इन्टेन्सिव्ह लावा, किंवा मशीनला हायजीन वा सॅनिटाइझ असं बटण असेल तर ते दाबा. अमेरिकेतल्या प्रमाणित मशीनमध्ये सॅनिटाइझचं शेवटचं विसळणं किमान ६५.५ अंशांवर होतं. मुख्य धुण्यापेक्षा या शेवटच्या पाण्याचं तापमान महत्त्वाचं, कारण भांडी त्यातूनच बाहेर येतात.

पण म्हणून बाटली ‘निर्जंतुक’ झाली का? इथे दोन देशांचे सल्ले वेगळे पडतात. अमेरिकेची सरकारी रोगनियंत्रण संस्था सीडीसी म्हणते, गरम पाणी आणि गरम हवेने वाळवणं, किंवा सॅनिटाइझ सेटिंग वापरलंत, तर वेगळं उकळायची गरज नाही. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस म्हणते, डिशवॉशरने स्वच्छता होते, निर्जंतुकीकरण नाही. बाळ वर्षाचं होईपर्यंत ते वेगळं करा. गोंधळायचं कारण नाही. सीडीसीच्या वाक्यातले ‘गरम हवेने वाळवणं’ हे शब्द नीट वाचा. आपल्याकडच्या अनेक मशीनमध्ये ती सोयच नसते. भांडी आतल्या उष्णतेवर वाळतात, आणि प्लास्टिक लवकर थंड होत असल्याने बाटल्या ओल्याच निघतात.

म्हणून माझा हिशेब असा: बाळ दोन महिन्यांच्या आतलं, अपुऱ्या दिवसांचं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं असेल, तर मशीनमध्ये धुतल्यावरही रोज उकळा. सगळे भाग पाण्यात पूर्ण बुडवा, बाटलीत हवेचा फुगा राहू देऊ नका, आणि उकळी आल्यापासून पाच मिनिटं मोजा. (एनएचएस दहा सांगते, निपल टिकत असेल तर दहा करा.) धडधाकट, मोठ्या बाळाला इन्टेन्सिव्हवर धुऊन पूर्ण वाळवलेली बाटली चालते. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर अर्थातच ते ऐका.

मांडणीतही फसगत होते. प्लास्टिकचं सगळं वरच्या रॅकमध्ये, कारण तापणारी कॉइल बहुतेक वेळा खाली असते. बाटल्या उपड्या लावा. निपल, चकत्या झाकणाच्या जाळीच्या डब्यात नाहीतर कपडे धुण्याच्या जाळीच्या पिशवीत ठेवा, नाहीतर फवाऱ्याने उडून त्या तळाला जातात. आणि मटणाच्या कढईबरोबर बाटल्या लावू नका. सिलिकॉन मसाल्याचा वास आणि हळदीचा रंग धरून ठेवतं. आमची एक निपल कायमची पिवळी झाली ती अशीच.

पॅसिफायरची गंमत वेगळी. सिलिकॉनचा असेल आणि पाकिटावर डिशवॉशर चालेल असं लिहिलं असेल तरच घाला. पिवळसर नैसर्गिक रबराचा मात्र नको, तो उष्णतेने चिकट होतो, फुगतो. बाहेर काढल्यावर बोंड दाबून पाहा. आत पाणी शिरलेलं असेल तर ते पिळून काढा, कारण त्या पाण्यात साबणही असू शकतो. मग साध्या पाण्याने विसळा. ओढल्यावर चीर दिसली तर फेकून द्या.

शेवटी वाळवणं. हात साबणाने धुऊन भाग काढा, स्वच्छ, न वापरलेल्या फडक्यावर पसरा आणि पुसू नका. ओट्यावरच्या फडक्याने पुसलंत तर सगळी मेहनत गेली. पुण्यात जुलैत रात्रभर ठेवूनही बाटलीच्या तळाशी थेंब राहतो. तेव्हा मी पंख्याखाली जाळीवर उपडी ठेवते आणि थेंब गेल्यावरच झाकण लावते.