कोड, जन्मखूण, व्रण: फोटोत हात लावायच्या आधी विचारा

लग्नाचे फोटो एडिट करताना माझा नियम सोपा आहे, पिंपल दोन आठवड्यांत जाणार असतो म्हणून तो न विचारता काढतो, पण कोड, जन्मखूण, जुना व्रण हे त्या माणसाचंच रूप आहे, त्याला स्वतःहून हात लावत नाही. आणि विचारायचं ते नवरीलाच, एकटीला, तिच्या मावशीला किंवा सासूबाईंना नाही. प्रश्नही साधा ठेवायचा, "स्किनवर काही जसंच्या तसं ठेवायचं की थोडं सौम्य करायचं?" डागाकडे बोट दाखवून विचारू नका प्लीज.

एका नवरीने ओठांजवळचं कोड "थोडं कमी दिसू दे" म्हटलं होतं. कोडात फक्त रंगद्रव्य गेलेलं असतं, त्वचेचा पोत तसाच असतो, त्यामुळे Photoshop मधला Healing Brush वापरायचाच नाही, त्याने कड फरफटते आणि तिथे मेणासारखा गुळगुळीत ठिपका दिसतो. Curves लेयर घेतला, मास्क काळा करून मऊ ब्रशने फक्त डागावर पांढरा रंगवला, थोडं गडद केलं, लाल-पिवळा किंचित वाढवला आणि Opacity ४०% च्या आसपास ठेवली. डाग दिसतो, फक्त फ्लॅशमुळे आलेला भगभगीतपणा गेला. व्रणाचं वेगळं, तिथे पोतच बदललेला असतो, त्यामुळे नुसती सावली हलकी करा.

आधी एकच फोटो तिला पाठवा, हो म्हणाली की मगच बाकीचे, आणि मेंदीच्या क्लोजअपमधले हात विसरू नका, नाहीतर अल्बममध्ये एका पानावर डाग आहे, पुढच्या पानावर नाही असं होतं. मूळ फाइल जपून ठेवा, ती मन बदलू शकते.