कॉमन रूट संपतो तिथे: व्हिज्युअल नॉव्हेलच्या फांद्या कशा बांधतात

व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे पडद्यावर चित्रांसोबत वाचायची कथा, लिहायला बसणारा नवा माणूस बहुतेक वेळा मोठं झाड काढून आणतो. प्रत्येक निवडीला तीन फांद्या, त्या प्रत्येकीला पुन्हा तीन. मी इतरांच्या स्क्रिप्ट तपासतो तेव्हा असं झाड दिसलं की आधी एकच हिशेब मांडतो. चार निवडी, प्रत्येकीत तीन पर्याय, आणि फांद्या परत कधीच जुळत नाहीत असं धरलं, तर 3, मग 9, 27 आणि 81 मिळून 120 वेगळे प्रसंग लिहावे लागतात. वाचक एका खेपेत त्यातले चार वाचतो.

म्हणून रूटची, म्हणजे वाचक कथेत ज्या वाटेने जातो तिची, रचना झाडासारखी नसते. सुरुवातीला सगळ्यांना सारखाच असलेला कॉमन रूट असतो. त्यातल्या निवडींनंतर दोन-चार वेगळ्या ओळी येतात आणि कथा परत मूळ वाटेवर येते, फक्त कोणाला किती गुण मिळाले याची आत नोंद राहते. कॉमन रूटच्या शेवटी एक फाटा असतो. तिथे गुण मोजले जातात आणि वाचक एका पात्राच्या लांबलचक रूटवर जातो, तो थेट शेवटापर्यंत. वरच्याच चार निवडी अशा बांधल्या तर 12 छोटी उत्तरं आणि तीन रूट एवढंच लिहायचं उरतं.

इतर कथाप्रधान गेममध्ये असा फाटा सहसा का नसतो? कारण खर्चाचं आहे. थ्रीडी गेममध्ये प्रत्येक वेगळ्या प्रसंगाला ॲनिमेशन, कॅमेरा, आवाज, सगळंच नव्याने लागतं. त्यामुळे तिथल्या फांद्या लवकर जुळतात, आणि निवडीचा परिणाम बऱ्याचदा एखाद्या पात्राच्या बोलण्यापुरता राहतो. व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये तीच पार्श्वभूमी आणि तीच पात्रचित्रं वापरून पूर्ण वेगळी कथा सांगता येते, खर्च मुख्यतः लेखनाचा. दुसरं म्हणजे वाचक ती पुन्हा पुन्हा वाचणार हे गृहीतच धरलेलं असतं. वाचलेला मजकूर पळवणारं स्किप, भरपूर सेव्ह स्लॉट, मागच्या ओळी दाखवणारा बॅकलॉग या सगळ्या सोयी त्यासाठीच. निवड असली म्हणजे व्हिज्युअल नॉव्हेल, असं मात्र नाही. एकही निवड नसलेल्या कायनेटिक नॉव्हेलही याच घरातल्या.

आता फाट्याकडे येऊ, कारण गोंधळ तिथेच होतो. समजा कथा एका वेधशाळेतली आहे आणि ईरा, कबीर, नैना अशी तीन पात्रं आहेत. कॉमन रूटमध्ये चार वेळा विचारलं जातं, आता कोणाबरोबर जायचं? ज्याला निवडाल त्याला एक गुण. रेनपाय या इंजिनात नवखे फाटा साधारण असा लिहितात:

```
label phata:
    if ira >= 2:
        jump route_ira
    elif kabir >= 2:
        jump route_kabir
    else:
        jump route_naina
```

वाचताना काहीच खटकत नाही. चार गुण तिघांत वाटले की कोणाकडे तरी दोन असणारच, म्हणजे प्रत्येक वाचक कुठे ना कुठे पोचतो. पण निवडींच्या सगळ्या 81 जोडण्या मोजून पाहा. त्यातल्या 33 ईराकडे जातात, 27 कबीरकडे आणि 21 नैनाकडे. 18 जोडण्यांत दोघांना दोन-दोन गुण असतात आणि बरोबरी झाली की कोडमध्ये ज्याचं नाव आधी, तो जिंकतो. नैना एकही बरोबरी जिंकत नाही. पहिल्या दोन वेळा ईराबरोबर आणि शेवटच्या दोन्ही वेळा नैनाबरोबर गेलेला वाचक ईराच्या रूटवर जाऊन पडतो आणि त्याला वाटतं, माझ्या निवडीला काही अर्थच नव्हता. हा दोष लक्षणावरून ओळखता येतो: चाचणी करणारे लोक एकाच पात्राच्या रूटबद्दल बोलत राहतात आणि दुसरं एखादं पात्र कोणाला सापडतच नाही.

किमान तीन गुण हवेत असा नियम केला तर बरोबरी सुटते, पण मग 81 पैकी 54 जोडण्या कुठल्याच रूटला पोचत नाहीत. त्या सगळ्यांना बॅड एंड देणं म्हणजे सगळ्यांशी नीट वागलेल्या वाचकाला शिक्षा. मला बरा वाटणारा उपाय असा: शेवटच्या निवडीला दीड गुण द्यायचा आणि फाट्यावर सर्वात जास्त गुण कोणाचे ते बघायचं.

```
label phata:
    $ gun = {"ira": ira, "kabir": kabir, "naina": naina}
    $ nivad = max(gun, key=gun.get)
    jump expression "route_" + nivad
```

दोन-दोनच्या बरोबरीत शेवटची निवड त्या दोघांपैकीच एकाची असते, त्यामुळे ती आपोआप सुटते. जिथे एकाकडे दोन आणि बाकीच्यांकडे एकेक गुण आहे, तिथे अर्ध्या गुणाने निकाल फिरत नाही. तिघांच्या वाट्याला बरोबर 27-27 जोडण्या येतात. शिवाय फाट्याआधी जे शेवटचं ठरवलं त्याला वजन मिळालं, हे वाचकाच्या मनालाही पटतं.

गुण ठेवणारी तिन्ही नावं `default` ने जाहीर करायची, `define` ने नाही. `define` स्थिर मूल्यांसाठी असतं. गुण सेव्ह फाइलमध्ये जायला हवेत.

निवडीनंतरच्या उत्तरांबद्दल एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. तिन्ही पर्यायांनंतर येणारा सारखा परिच्छेद तीन ठिकाणी कॉपी करू नका. रेनपाय कोणती ओळ वाचून झाली याची नोंद स्क्रिप्टमधल्या जागेवरून ठेवतं, नुसत्या शब्दांवरून नाही. दुसऱ्या खेपेला वेगळा पर्याय घेतला की वाचलेलाच परिच्छेद इंजिनाला नवा वाटतो, स्किप थांबतो, आणि वाचक तोच मजकूर पुन्हा बघत बसतो. सारखा भाग एकदाच लिहून सगळ्या फांद्या तिथे आणल्या, की स्किप फक्त खऱ्या नव्या ओळींवर थांबतो आणि काय बदललं हे वाचकाला आपसूक कळतं.

रूटचा क्रम ठरवायचा असेल तर कुलूप लागतं. फेट/स्टे नाइटमध्ये (2004) तीन रूट आहेत आणि ते ठरलेल्या क्रमानेच उघडतात, कारण पुढचा रूट वाचताना मागचं माहीत असणं गरजेचं आहे. आपल्या वेधशाळेत नैनाचं रहस्य शेवटी ठेवायचं असेल तर फाट्यावर कुलूप लावू नका. चारदा नैनाला निवडलेल्या माणसाला दुसरीकडे ढकलणं म्हणजे त्याची थट्टाच झाली. कुलूप पर्यायालाच लावा:

```
"नैनाबरोबर जा" if persistent.ira_end and persistent.kabir_end:
```

`persistent` मधल्या नोंदी नवा गेम सुरू केला तरी टिकतात. ईरा आणि कबीरच्या रूटच्या शेवटी त्या `True` करायच्या. पहिल्या खेपांत दोनच पर्याय दिसतात, फाट्याचं गणित तसंच चालतं. पुढे ओळखीच्या त्याच यादीत अचानक तिसरी ओळ येते आणि आता काहीतरी नवीन आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

चाचणी करताना मात्र या नोंदी तुमच्या मशीनवर आधीच भरलेल्या असतात, म्हणजे नैनाचा पर्याय तुम्हाला पहिल्यापासून दिसतो. दर फेरीआधी लाँचरमधून `Delete Persistent` करा. स्क्रिप्ट तपासणारं लिंट साध्या `jump` मधलं नसलेलं लेबल पकडतं, पण गुणांच्या हिशेबात एखादा रूट कधीच लागत नाही हे त्याला कळत नाही. ते 81 जोडण्या मोजूनच कळतं, आणि दहा-बारा ओळींचा पायथन कोड ते क्षणात मोजतो.