फोनवर दोन ॲप शेजारी ठेवून अर्ज भरताय? या चुका टाळा

जून-जुलैत प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की एक तक्रार हमखास ऐकू येते: "निम्म्याहून जास्त भरला होता हो, आणि सगळं गेलं!" मग साइटला शिव्या, नेटला शिव्या. पण पुष्कळदा घोळ झालेला असतो तो स्प्लिट स्क्रीन, म्हणजे स्क्रीन दुभागून दोन ॲप एकदम दाखवायची सोय, भलत्या वेळी सुरू केल्यामुळे. खाली जे लिहिलंय ते अँड्रॉइड फोनसाठी. आयफोनवर स्प्लिट स्क्रीन नाहीच, ती सोय आयपॅडवर आहे.

अर्ज अर्धा भरून झाल्यावर स्क्रीन दुभागणं

सगळ्यात जास्त नुकसान या एका चुकीने होतं. स्क्रीन दुभागली की त्या ॲपला मिळणारी जागा बदलते. जागा बदलली की अँड्रॉइड सहसा ॲपचं समोरचं पान बंद करून नव्या मापात पुन्हा उभं करतं. नीट बनवलेलं ॲप तुम्ही टाइप केलेलं आधी जपून ठेवतं आणि नव्या पानावर परत आणतं. घाईत बनवलेलं ॲप तसं करत नाही, ते तुम्हाला रिकामं पान दाखवतं किंवा थेट लॉगिनवर नेऊन सोडतं. फोन आडवा केल्यावर आणि मधली पट्टी वरखाली सरकवल्यावरही हेच घडू शकतं. ब्राउझर हे बरंच सांभाळून घेतो, पान फक्त नव्या मापात मांडतो. म्हणून तोच अर्ज साइटवर टिकतो आणि ॲपमध्ये उडतो, असंही दिसतं.

नेहमीचा प्रकार बघा. एखादी मुलगी अर्जाच्या ॲपमध्ये नाव, पत्ता, कॉलेज, बारावीचे गुण असं सगळं भरत येते. मग बँकेची माहिती येते. खाते क्रमांक पाठ नाही, पासबुकाच्या पहिल्या पानाची पीडीएफ फोनमध्ये आहे. कुणीतरी सांगितलेलं असतं, म्हणून ती तिथेच स्क्रीन दुभागते. खाली पीडीएफ दिसते, वर अर्ज पहिल्या पानावर, कोरा. ती घाबरून स्प्लिट काढून टाकते. म्हणजे माप पुन्हा बदललं, आणि उरलंसुरलंही गेलं.

क्रम उलटा हवा. आधी पीडीएफ उघडा. मग अलीकडच्या ॲपांची यादी काढा, म्हणजे तळाशी तीन बटणं असतील तर त्यातलं यादीचं बटण दाबा, नसतील तर तळापासून वर बोट सरकवून क्षणभर थांबा. पीडीएफच्या कार्डावरच्या आयकॉनवर टॅप केलं की Split screen हा पर्याय येतो. सॅमसंगवर तो Open in split screen view असा लिहिलेला असतो. काही कंपन्यांच्या फोनवर कार्ड दाबून धरावं लागतं किंवा कोपऱ्यातले ठिपके दाबावे लागतात. त्यानंतर दुसरं ॲप म्हणून अर्जाचं ॲप निवडा. पट्टी हवी तिथे आणून ठेवा, ऑटो-रोटेट बंद करा, आणि मगच पहिलं अक्षर टाइप करा. एकदा सुरुवात केली की सबमिट होईपर्यंत पट्टीला हात लावायचा नाही. मधेच दुभागणं अगदीच भाग असेल, तर आधी अर्ज ड्राफ्ट म्हणून सेव्ह करा. ते बटण बऱ्याच अर्जांत असतं आणि घाईतला माणूस त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

लिहायचं वर आणि वाचायचं खाली

फोन उभा धरला की दोन ॲप वर-खाली बसतात आणि पहिलं निवडलेलं सहसा वर जातं. लोक अर्ज महत्त्वाचा म्हणून तो वर ठेवतात. पण टाइप करायला गेलं की कीबोर्ड तळातून वर येतो आणि नेमकी खालची पीडीएफ झाकतो. मग कीबोर्ड खाली घ्या, चार आकडे बघा, पुन्हा वर आणा. एवढाच उद्योग करायचा तर स्प्लिट स्क्रीन कशाला हवी?

अर्ज खाली ठेवा. खालच्या खिडकीत टाइप करायला लागलं की अँड्रॉइड ती खिडकी कीबोर्डच्या वर सरकवतं. त्यात वरच्या पीडीएफची थोडी जागा जाते, पण ती दिसत राहते. पीडीएफला वरचा तिसरा भाग पुरतो, कारण तिथे फक्त ती एक ओळ दिसायला हवी. चिमटीने ओळ मोठी करून घ्या आणि मग पीडीएफला हात लावू नका. वर-खाली चुकून उलटं झालं असेल तर नव्या अँड्रॉइडवर पट्टीवर दोनदा टॅप केलं की दोन्ही ॲप जागा बदलतात. सॅमसंगवर पट्टीवरच्या ठिपक्यांवर टॅप करून अदलाबदलीचं चिन्ह दाबायचं. हेही भरायला लागण्याआधीच.

फोन आडवा धरून जागा वाढेल असं वाटतं, पण कीबोर्ड उघडला की वर जेमतेम एक पट्टी उरते. आडवी स्क्रीन दोन गोष्टी नुसत्या वाचायला छान, टाइप करायला नाही.

बॅक जातो कुठे?

स्क्रीनवर ॲप दोन असली तरी बॅक एकालाच लागू होतो, ज्याला तुम्ही शेवटचा स्पर्श केलात त्याला. अर्जात टाइप करून झालं, नजर वर पीडीएफवर गेली, तिथलं पान मागे न्यायला बॅक केलं, की अर्ज एक पायरी मागे. नजर कुठे आहे हे फोनला कळत नाही. बॅक करण्याआधी त्या खिडकीतल्या मोकळ्या जागेवर एकदा टॅप करायची सवय लावा.

एका आकड्यासाठी एवढा खटाटोप

फक्त खाते क्रमांक आणि आयएफएससी हवा असेल तर स्क्रीन दुभागूच नका. तळाच्या पट्टीवरून बोट आडवं सरकवलं की मागचं ॲप समोर येतं. तीन बटणं असतील तर बऱ्याच फोनवर यादीचं बटण झटपट दोनदा दाबायचं. यात अर्जाचं माप बदलत नाही, त्यामुळे वरची भानगडच उद्भवत नाही.

गूगलचा कीबोर्ड जीबोर्ड वापरत असाल तर त्याचा क्लिपबोर्ड, म्हणजे कॉपी केलेलं साठवायची जागा, सुरू करा. पासबुकातून खाते क्रमांक, आयएफएससी, शाखेचं नाव एकामागून एक कॉपी करा, एकदाच अर्जावर या आणि कीबोर्डवरच्या क्लिपबोर्डमधून एकेक चिकटवा. पिन न केलेली नोंद तिथे तासभर राहते, तेवढा वेळ पुरे. आधार क्रमांक मात्र काम झालं की तिथून काढून टाका.

चिकटवल्यावर शेवटचे आकडे तपासाच. आधार छापलेला असतो चार-चारच्या गटांत, मधे मोकळी जागा सोडून. तसाच कॉपी केला की १२ आकडे आणि दोन मोकळ्या जागा मिळून १४ खुणा होतात. अर्जातला रकाना १२ खुणांपुरताच असेल तर शेवटचे दोन आकडे गुपचूप कापले जातात. `1234 5678 9012` चिकटवलं आणि आत उरलं `1234 5678 90`. मग "क्रमांक चुकीचा आहे" असा संदेश येतो आणि माणूस आधार केंद्राच्या रांगेत जाऊन उभा राहतो. मोकळ्या जागा काढा आणि उरलेले दोन आकडे हाताने लिहा. आयएफएससी टाइप करत असाल तर त्यात ११ खुणा असतात आणि पाचवी कायम शून्य असते, इंग्रजी ओ नव्हे.

ॲप बदलताना पान पुन्हा लोड होणं

अर्जात कागदाचा फोटो मागितला, म्हणून कॅमेरा उघडला, परत आलात तर ब्राउझर पान नव्याने लोड करतोय. कॅमेऱ्याला भरपूर मेमरी लागते. ३-४ जीबी रॅमच्या फोनवर ती मोकळी करायला अँड्रॉइड न दिसणारी ॲप बंद करतं. स्प्लिट स्क्रीनवर दिसत असलेलं ॲप सहसा सगळ्यात शेवटी बंद होतं, तो तिचा खरा फायदा. तरी सरळ उपाय असा की फोटो, सही, दाखले अर्ज उघडण्याआधीच काढून एका फोल्डरमध्ये ठेवा.

यादीतली सगळी ॲप दर दहा मिनिटांनी साफ करण्याची खोड असेल तर तेवढा वेळ ती आवरा. त्याने फोन वेगवान होत नाही, ॲप शून्यातून उघडावी लागतात आणि अर्जही त्यातच जातो. बऱ्याच फोनवर यादीतल्या कार्डाला कुलूप लावता येतं, सॅमसंगवर त्याला Keep open म्हणतात. अर्जाच्या ॲपला ते लावा.

तरंगती खिडकी

ॲपची तरंगती खिडकी आणि व्हिडिओचा छोटा चौकोन या वेगळ्या गोष्टी आहेत. चौकोनात फक्त बघता येतं. सॅमसंगच्या पॉप-अप व्ह्यूमध्ये किंवा इतर फोनच्या फ्लोटिंग विंडोमध्ये अख्खं ॲप चालतं, टाइपही करता येतं. मागच्या अर्जाचं माप बदलत नाही, त्यामुळे अर्ज भरताना मधेच काही बघायचं असेल तर स्प्लिटपेक्षा हीच बरी. मात्र ती वरच्या कोपऱ्यात ठेवा. खाली ठेवलीत तर "पुढे जा" हे बटण तिच्याखाली दडतं आणि लोक साइट अडकली समजून पान रिफ्रेश करतात. खिडकी गोळ्याएवढी मिटवली की ते ॲप दिसत नाही, म्हणजे मेमरी कमी पडल्यावर तेही बंद होऊ शकतं.

शुल्क भरायच्या पानावर आलात की तरंगती खिडकी, चॅटचे बुडबुडे, स्क्रीन पिवळी करणारी ॲप सगळं बंद करा. पैशांची कित्येक ॲप आपल्यावर दुसरं काही तरंगत असेल तर बटणं दाबूच देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. स्प्लिट स्क्रीनही इथे काढू नका आणि लावू नका. पावतीचा स्क्रीनशॉट येत नसेल तर त्या ॲपने तो मुद्दाम अडवलेला असतो, शेजारी दुसरं ॲप ठेवून तो मिळत नाही. पावती पीडीएफ म्हणून उतरवून घ्या.

"हे ॲप स्प्लिट स्क्रीनमध्ये चालत नाही"

असा संदेश आला की व्हिडिओ बघून डेव्हलपर ऑप्शन्समधलं Force activities to be resizable चालू करणारे पुष्कळ. फोन रीस्टार्ट केल्यावर ॲप दुभागतंही, पण ते त्यासाठी बनवलेलंच नसतं. बटणं कापली जातात, पान मधेच बंद पडतं. गंमत म्हणून ठीक, अर्जासाठी नको. अशा ॲपसाठी क्लिपबोर्ड वापरा. अँड्रॉइड गो असलेल्या कमी रॅमच्या फोनवर स्प्लिट स्क्रीन दिलेलीच नसते, तिथे सेटिंग शोधत बसू नका. फोन अँड्रॉइड ९ किंवा त्याआधीचा असेल तर ज्या खिडकीला हात लावलेला नाही ती थांबलेली असते, त्यामुळे नोट्स लिहिताना शेजारचा व्हिडिओ थांबला तर तो बिघाड समजू नका.